उसन्या उजेडाचा मूडबोर्ड

नागपुरात तयार होणाऱ्या लघुपटांचे आणि पहिल्या सिनेमांचे मूडबोर्ड पाहिले की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. त्यात नागपूर जवळजवळ नसतं. इराणी सिनेमातली खिडकी असते, हाँगकाँगच्या एखाद्या जिन्यावरचा लाल प्रकाश असतो, डच चित्रकाराचं एखादं चित्र असतं आणि शेवटच्या पानावर, शहराची ओळख म्हणून, संत्र्याची टोपली असते. दिग्दर्शक हे पान सिनेमॅटोग्राफरला आणि आर्ट डिरेक्टरला पाठवतो. दोघंही मान डोलावतात. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी कळतं, की दोघांनी त्या पानातून दोन वेगळे सिनेमे वाचले होते आणि त्यातला एकही नागपुरात उभा राहणारा नव्हता.

माझं म्हणणं असं आहे, की मूडबोर्ड म्हणजे आवडत्या चित्रांचा संग्रह नाही. ती निर्णयांची नोंद असते. त्यातला प्रत्येक निर्णय त्या जागेच्या उजेडात आणि त्या जागेच्या वस्तूंमध्ये करून पाहिलेला असला पाहिजे. जे चित्र निर्णय सांगत नाही ते कितीही सुंदर असलं तरी पानावरून काढून टाकावं.

आधी दोन कागदांमधला फरक स्पष्ट करतो. मूडबोर्ड एका किंवा दोन पानांचा असतो. रंग, उजेड आणि पोत यांचा एकत्र परिणाम काय व्हावा, हे तो एका नजरेत सांगतो. लूकबुक त्याचा विस्तार असतं. पंधरा-वीस पानांमध्ये ते प्रसंगांच्या क्रमाने उजेड, चौकट, भिंती, कपडे, प्रॉपर्टी यांचं काय करायचं ते सांगतं. लूकबुक दोन कामांसाठी बनतं आणि घोटाळा इथेच होतो. एक निर्मात्याला दाखवायचं असतं. ते मोह पाडण्यासाठी असतं, त्यात उसनी चित्रं चालतात. दुसरं काम करणाऱ्यांच्या हातात द्यायचं असतं. आपल्याकडे वेळेअभावी पहिलंच दुसऱ्याच्या जागी फिरवलं जातं. निर्मात्याला जे पटलं तेच आर्टवाल्यांना पुरेल असं आपण धरून चालतो, पण आर्टवाल्यांना मोह नको असतो, कोणत्या भिंतीला काय लावायचं ते हवं असतं.

उसन्या चित्राची खरी अडचण ते परकं असण्यात नाही. सिनेमातून काढलेल्या एका फ्रेममध्ये चार गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: भिंतीचा मूळ रंग, तिच्यावर पडलेला उजेड, लेन्स आणि एक्स्पोजर, आणि शेवटी डीआयमध्ये केलेलं ग्रेडिंग. फ्रेममध्ये भिंत हिरवट दिसते. ती हिरवी रंगवली होती, हिरव्या ट्यूबखाली होती की नंतर हिरवी केली, हे चित्रावरून सांगता येत नाही. आर्ट डिरेक्टर भिंत हिरवी रंगवतो, सिनेमॅटोग्राफर उजेड हिरवट ठेवतो आणि पडद्यावर माणूस आजारी दिसू लागतो. दोघांनीही आपलं काम चोख केलेलं असतं. म्हणून एक साधा नियम हवा: प्रत्येक चित्राखाली एक वाक्य, ‘यातून फक्त उजेडाची दिशा घ्यायची’ किंवा ‘यातून फक्त भिंतीचा पोत घ्यायचा, रंग नाही’. असं वाक्य लिहिता येत नसेल, तर ते चित्र आपल्याला का आवडलं हेच अजून आपल्याला कळलेलं नाही.

आता उजेडाकडे येतो. मूडबोर्डांवर हमखास भेटणारं चित्र म्हणजे डावीकडच्या खिडकीतून येणाऱ्या मऊ प्रकाशात काम करणारी बाई. व्हर्मीरची दूध ओतणारी स्त्री असो किंवा तिच्यावरून घेतलेली एखादी फ्रेम, उजेड तोच असतो. व्हर्मीरचं डेल्फ्ट ५२ अक्षांशावर आहे. तिथे ऐन उन्हाळ्यातही सूर्य डोक्यावर येत नाही, त्यामुळे खिडकीतून आडवा उजेड खोलीत शिरतो आणि चेहऱ्याच्या एका बाजूला लागतो. नागपूर २१ अक्षांशाच्या जरा वर आहे. २६ मेच्या आसपास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला सूर्य इथे बरोबर डोक्यावर असतो. शाळेतली मुलं त्या दिवशी काठी उभी करून शून्य सावली बघतात. त्या वेळी कोणत्याही खिडकीतून ऊन आत येत नाही. ते फार तर खिडकीच्या कट्ट्यावर पडतं. चेहऱ्यावर आडवा मऊ प्रकाश हवा असेल तर तो पूर्णपणे निर्माण करावा लागेल, आणि तो करायला किती दिवे, किती माणसं आणि किती वेळ लागेल हे मूडबोर्ड सांगत नाही.

याहून फसवी गोष्ट उत्तरेकडच्या खिडकीची आहे. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, हा धडा युरोपातल्या चित्रकारांच्या स्टुडिओतून आपल्याकडे आला आणि पाठ झाला. नागपुरात मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य सकाळी ईशान्येच्या बाजूला उगवतो आणि दिवसभर पूर्व-पश्चिम रेषेच्या थोडा उत्तरेलाच राहतो. म्हणजे जी खोली दिवसभर सारखी राहील म्हणून निवडली, तिच्या उत्तर भिंतीवर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन चढतं आणि दोन शॉट एकमेकांशी जुळत नाहीत.

रेकीचे फोटोही असेच दगा देतात. नागपुरात बाहेरचं युनिट रेकीला बहुधा हिवाळ्यात येतं, कारण तेव्हा फिरणं सोपं असतं. डिसेंबर अखेरीस इथे भर दुपारी सूर्य आकाशात साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते. त्या फोटोंत वाड्याचे खांब फरशीवर लांब सावल्या टाकतात, चौकटी सुरेख दिसतात आणि ते फोटो थेट लूकबुकात जातात. शूटिंग लागतं मे महिन्यात. खांब तेच असतात, पण दुपारी त्यांना सावलीच उरत नाही. म्हणून लूकबुकातल्या लोकेशनच्या प्रत्येक फोटोवर तारीख आणि वेळ हवी. ती नसेल तर तो फोटो म्हणजे अंदाज आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत चालवून बघू. समजा, कथा वीस मिनिटांची आहे. जागा: महाल भागातला जुना वाडा. वरच्या मजल्यावर कवेलू, मधे चौक, चौकाभोवती ओसरी. एक विधवा आजी आणि तिचा मुलगा. मुलाला वाडा बिल्डरला द्यायचा आहे. सगळं मे महिन्यातल्या एका दुपारी घडतं. दिग्दर्शकाला दोन गोष्टी पाहिजेत: बाहेरची दुपार असह्य वाटावी आणि आतली सावली ही आजीची शेवटची मालमत्ता वाटावी. सिनेमॅटोग्राफर आणि आर्ट डिरेक्टर मुंबईचे आहेत, त्यांनी नागपूरचा मे अनुभवलेला नाही. या दोन वाक्यांचं लूकबुक कसं करायचं?

पहिला प्रश्न असा, की त्या घरात दुपारी उजेड येतो कुठून? खिडकीतून नाही. तो चौकातून येतो, आणि तोही वरून थेट नाही. ऊन चौकाच्या फरशीवर पडतं आणि तिथून उसळून ओसरीत, माजघरात जातं. म्हणजे चेहऱ्यांवर उजेड खालून येतो, छत फरशीपेक्षा उजळ दिसतं, डोळ्यांखालच्या सावल्या भरून निघतात. मे महिन्यातल्या जुन्या घराची ती ओळख आहे. चौकात काळपट शहाबादी फरशी असेल तर हा परतलेला उजेड मंद आणि थंड राहील. तीच फरशी चुन्याने पांढरी केली किंवा तिच्यावर वाळवणाची धुतलेली पांढरी धोतरं पसरली, तर माजघर उजळून निघेल. फरशी हा आर्ट डिरेक्टरचा विषय, पण या घरात ती सिनेमॅटोग्राफरचा मुख्य दिवा आहे. म्हणून लूकबुकातलं पहिलं पान चौकाच्या फरशीचं असावं आणि ते दोघांच्या नावाने असावं.

हा शोध नवा नाही. १९५६ सालच्या ‘अपराजितो’मध्ये बनारसच्या घराचा चौक बंशी चंद्रगुप्त यांनी कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला. उघड्या आकाशाचा पसरलेला उजेड तिथे कसा आणायचा, हा पेच सुब्रत मित्र यांच्यापुढे होता. त्यांनी सेटवर पांढरं कापड ताणून दिव्यांचा प्रकाश त्यावरून परतवला. चौक आणि चौकाचा उजेड ही एकाच विचाराची दोन टोकं होती. एकाने भिंती बांधल्या आणि दुसऱ्याने नंतर येऊन दिवे लावले, असं झालं असतं तर ते घर सेटच वाटलं असतं. आपल्या लूकबुकाने दोन माणसांमध्ये नेमकं हेच जमवून आणायचं असतं.

दुसरं पान कूलरचं. बाहेरच्या माणसाला हे सुचणारच नाही, म्हणून ते लिहूनच द्यावं लागतं. नागपुरात एप्रिल-मेमध्ये घरातली महत्त्वाची खिडकी बंद झालेली असते. तिच्याबाहेर लोखंडी स्टँडवर पत्र्याचा कूलर बसवलेला असतो, कडेच्या फटी पुठ्ठ्याने किंवा कापडाने बुजवलेल्या असतात. कागदावर जी खिडकी उजेडाचा उगम म्हणून धरली होती, तिथे प्रत्यक्षात अंधार आणि वारा असतो. उजेड आलाच तर कूलरच्या जाळ्यांमधल्या ओल्या गवतातून गाळून, पिवळट तुकड्यांमध्ये येतो. आर्ट डिरेक्टरने कूलर काढून टाकला तर नागपूरच्या प्रेक्षकाला मे महिना खोटा वाटेल. ठेवला तर सिनेमॅटोग्राफरची खिडकी जाते, आणि टेकच्या वेळी आवाजासाठी तो बंद करावा लागतो, म्हणजे पडदे आणि आजीच्या पदराचं टोक एकदम निपचित होतं. पानावर निर्णय लिहायचा: मोठी खिडकी कूलरने बंद, तिच्या बाजूने उजेड नाही, आजी दुपारभर ओसरीच्या बाजूला तोंड करून बसते, संवाद नसलेल्या शॉट्समध्ये कूलर चालू. ही चार वाक्यं असतील तर तिघांची कामं एकमेकांच्या आड येत नाहीत.

तिसरं पान हिरव्या जाळीचं. उन्हाळा लागला की गच्च्यांवर, अंगणांवर, दुकानांपुढे आणि चौकातल्या सिग्नलवरही हिरवी शेडनेट चढते. शहराचा तो उन्हाळी पोशाख आहे आणि एखाद्या प्रामाणिक आर्ट डिरेक्टरला ती वाड्याच्या चौकावर बांधावीशी वाटेल. पण तिच्याखालून येणारा उजेड हिरवट होतो. सावळ्या त्वचेवर तो राखेसारखा बसतो. व्हाइट बॅलन्स फिरवून तो काढायला गेलं तर दारातून दिसणारा रस्ता गुलाबी पडतो, कारण रस्त्यावर साधं ऊन आहे. एकाच चौकटीत दोन उजेड असले की ग्रेडिंगमध्येही मास्क लावून एकेक तुकडा सोडवत बसावं लागतं. इथे वास्तव आणि चेहरा यांपैकी एक निवडावं लागतं, आणि मधली वाट जागेवरच सापडते. लोक चौकावर जुन्या पांढऱ्या चादरी आणि धोतरंही बांधतात. पांढरी चादर ऊन मऊ करते आणि रंग बदलत नाही. सिनेमॅटोग्राफर ज्याला स्कीमर म्हणतो ते काम घरातलं कापड करतं आणि ते प्रॉपर्टी म्हणून चौकटीत दिसलं तरी चालतं. हिरवी जाळी समोरच्या गच्चीवर, लांब, पार्श्वभूमीत ठेवायची. तिथे ती मे महिना सांगेल आणि कुणाच्या चेहऱ्याला हात लावणार नाही.

चौथं पान रंगांचं. नागपूर म्हटलं की नारिंगी, म्हणून पॅलेटमध्ये नारिंगी आणि त्याला विरोध म्हणून निळसर हिरवा, ही जोडी तयारच असते. पण या शहरात निळा मोकळा रंग नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे घडलं त्यानंतर निळा इथे वस्त्यांचा, झेंड्यांचा, कमानींचा, अभिमानाचा रंग आहे. नागराज मंजुळे यांच्या २०२२ सालच्या ‘झुंड’मध्ये आंबेडकर जयंतीचा प्रसंग आहे. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी चित्रित केलेल्या त्या सिनेमात निळा कुणाचा आहे हे प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. अशा शहरातल्या कथेत सगळ्या सावल्यांना ग्रेडिंगमध्ये निळी झाक दिली, तर तो रंग बोलायचाच थांबतो, कारण सगळंच निळं झालेलं असतं.

आपल्या वाड्यातही निळे दोन आहेत आणि ते वेगळे ठेवावे लागतील. पहिला भिंतीचा. चुन्यात नीळ घालून दिलेला हात फिकट, खडूसारखा, उन्हात जवळजवळ पांढरा आणि सावलीत निळसर दिसतो. दुसरा गल्लीच्या टोकाला ताणलेल्या पताकांचा. १४ एप्रिलच्या जयंतीला बांधलेल्या त्या पताका मे अखेरीलाही तारांवर असतात, सहा आठवड्यांच्या उन्हाने विटलेल्या, कडा फाटलेल्या. कॅलेंडर न दाखवता तारीख सांगणारी ती वस्तू आहे. आर्ट डिरेक्टरने नव्या कोऱ्या पताका लावल्या तर ती तारीख चुकते. लूकबुकात लिहायचं: ‘गडद निळा फक्त पताकांना राखीव. घरात, कपड्यांत, प्लास्टिकच्या बादलीतही नाही. सावल्या तटस्थ, निळ्या करायच्या नाहीत.’ पहिली दोन वाक्यं आर्ट आणि कॉस्च्यूमसाठी, शेवटचं सिनेमॅटोग्राफर आणि कलरिस्टसाठी. रंग दाखवणं जितकं महत्त्वाचं तितकंच तो कुठे नको हे सांगणं. काम करणाऱ्याला मोकळीक त्यामुळेच मिळते, कारण जे निषिद्ध आहे ते सोडून बाकी सगळं त्याचं असतं.

इतकं लिहिलं तरी ते अजून कागदावरच असतं. पीडीएफ व्हॉट्सॲपवर जातं, एकाच्या फोनवर रात्रीचा पिवळा मोड चालू असतो, दुसऱ्याचा फोन रंग भडक दाखवतो. फोनवर पाहून भिंतीचा रंग ठरवणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून कापड निवडणं. त्यामुळे रंगांचं पान वस्तूंचंही असावं. दोन-दोन फुटांचे प्लायचे तुकडे घेऊन त्यांवर खराखुरा हात द्यायचा: एकावर नीळ घातलेला चुना, एकावर नुसता चुना, एकावर कंपनीच्या शेडकार्डमधून निवडलेला ऑइलपेंट. चुना ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच उजळतो, म्हणून तो पूर्ण वाळू द्यायचा. मग ते तुकडे वाड्यातच, ओसरीत, ग्रे कार्डाशेजारी ठेवायचे आणि समोर आजीचं काम करणाऱ्या बाईंना बसवायचं. ज्या कॅमेऱ्याने सिनेमा होणार त्याच कॅमेऱ्याने सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता चित्रित करायचं.

मॉनिटरवर काय बघायचं तेही ठरलेलं असावं. चित्र काळं-पांढरं करून बघितलं तर चेहरा आणि भिंत एकमेकांपासून सुटतात का? न सुटल्यास रंग कितीही सुंदर असला तरी आजी भिंतीत विरघळेल. ऑइलपेंटच्या तुकड्यावर दुपारी चौकाची चकाकी दिसते का? दिसली, तर तो रंग बाद, कारण चकाकी हलत्या कॅमेऱ्यात नजर खेचून घेते. एक वाजताच्या चित्रात चौक पांढरा जळून गेला आणि माजघर जेमतेम दिसतंय, असं झालं तर आनंद मानायचा, कारण बाहेर असह्य आणि आत सावली हेच पाहिजे होतं. फक्त किती जळू द्यायचं ते तिघांनी मिळून तिथेच ठरवायचं आणि त्या फ्रेमची प्रिंट लूकबुकात लावायची. आता पुस्तकात एक अशी फ्रेम आली जी कुणाकडून उसनी घेतलेली नाही. माझ्या मते मूडबोर्डच्या पहिल्या आवृत्तीत उसनी चित्रं असायला हरकत नाही, पण शेवटच्या आवृत्तीत अशा स्वतःच्या फ्रेम जास्त असल्या पाहिजेत.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला सिनेमॅटोग्राफरांचा: इतकं ठरवून दिलं तर आम्ही काय करायचं? पण वरच्या पानांमध्ये कुठल्या लेन्स लावायच्या, कॅमेरा कुठे ठेवायचा, दिवा कोणता, हे काहीच सांगितलेलं नाही. उजेड कुठून येतो आणि कशासाठी येतो एवढंच सांगितलं आहे. ते कसं साधायचं हे त्यांचं. याउलट ‘हा सिनेमा अमुक सिनेमासारखा दिसू दे’ असं म्हणणारं पान त्यांना दुसऱ्या सिनेमॅटोग्राफरची नक्कल करायला लावतं. जाचक कोण आहे ते यातून ठरवावं.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. सिनेमा म्हणजे जागेची नोंद नव्हे. दिग्दर्शकाला निळी रात्र आणि लाल जिना पाहिजे असेल, तर नागपूरच्या सूर्याने त्याला का अडवावं? अडवू नये. शैली वास्तवापासून कितीही दूर जाऊ शकते. पण दूर जायचं तर कुठून निघालो हे माहीत असावं लागतं. मे महिन्यातल्या नागपुरात व्हर्मीरचा उजेड पाहिजे असेल तर चौक काळ्या कापडाने झाकावा लागेल, खिडकीतला कूलर हलवावा लागेल आणि बाहेरून मोठा दिवा लावावा लागेल. ते जरूर करावं, फक्त तो खर्च आणि तो वेळ लूकबुकात लिहिलेला असावा. पडताळून न पाहिलेली शैली पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता गळून पडते, आणि उरलेला सिनेमा जे मिळेल त्यात उरकला जातो. आपल्याकडच्या कितीतरी पहिल्या सिनेमांचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगळे दिसतात, त्यामागे एक कारण हे असतं, असं मला वाटतं.

मग लूकबुक चांगलं झालं की नाही, हे शूटिंगआधी कसं ओळखायचं? पानं सुबक दिसतात का, यावरून नाही. एक कसोटी घ्यावी. समजा, शूटिंगच्या दहा दिवस आधी वाड्याचा मालक नाही म्हणाला आणि इतवारीत दुसरं घर मिळालं. तिथे चौक नाही, पश्चिमेला गॅलरी आहे. दिग्दर्शकाचा फोन लागत नाही. सिनेमॅटोग्राफर आणि आर्ट डिरेक्टर दोघंच त्या घरात गेले, तर त्यांना काय विचारायचं ते कळलं पाहिजे: इथे उजेड कोणत्या पृष्ठभागावरून परतेल, आजीला पाठ कुठे करून बसवता येईल, कूलर कोणती खिडकी घेईल, पताका कुठून दिसतील. दोघांची उत्तरं थोडी वेगळी निघाली तरी प्रश्न एकच निघाले, तर ते पुस्तक कामाचं आहे. आणि त्या नव्या घरात उभे राहून ते दोघं एखाद्या इराणी सिनेमाचं नाव घेऊ लागले, तर दिग्दर्शकाने लूकबुक पहिल्या पानापासून पुन्हा करायला घ्यावं. तेवढे दहा दिवस अजून हातात आहेत.